दोन फेऱ्या, बारा-बारा तास: एका कंपनी-फिल्मच्या प्रकल्प नोंदी

२३ जून २०२५, सोमवार

चाकणच्या कारखान्याची फिल्म मिळाली. पत्र्याचे प्रेस केलेले सुटे भाग बनवणारी कंपनी, पंचवीस वर्षं पूर्ण होत आहेत. २५ ऑगस्टला वर्धापनदिन आहे, त्या दिवशी मोठ्या पडद्यावर चार मिनिटांची मराठी फिल्म दाखवायची. कोटेशन ४,२०,००० रुपये, जीएसटी वेगळा.

कोटेशन पाठवण्याआधी गेल्या वर्षीच्या एका कामाचे हिशेब पुन्हा काढून बसले. तिथे मी 'किरकोळ बदल समाविष्ट' असं लिहून दिलं होतं. एडिटला सहा दिवस धरले होते, लागले सतरा. अकरा व्हर्जन झाल्या. एडिटर आणि मशीन मिळून आमचा दिवस ७,००० रुपयांना पडतो, म्हणजे ७७,००० रुपये जास्त गेले. त्या कामात नफा धरला होता ६०,०००. काम चांगलं झालं, क्लायंट खूश झाला आणि आमचे १७,००० रुपये घरातून गेले. त्या अकरा व्हर्जनमध्ये एकही बदल अवाजवी नव्हता. प्रत्येक जण आपापल्या जागी रास्त बोलत होता. पण ते एकेक करून, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या तोंडून येत होतं.

म्हणून या वेळी 'बदलांच्या दोन फेऱ्या' एवढंच लिहून थांबले नाही. आकडा लिहिणं सोपं आहे, पण फेरी म्हणजे काय हे लिहिलं नाही तर प्रत्येक फोन हा 'त्याच फेरीतला' ठरतो. कोटेशनमध्ये घातलेला मजकूर असा:

"एक फेरी म्हणजे तुमच्याकडच्या सर्वांच्या सूचना एकत्र करून, एकमेकींना छेद न देणारी, टाइमकोडसह, म्हणजे फिल्ममधल्या नेमक्या मिनिट-सेकंदासह लिहिलेली एक यादी, ती ठरलेल्या एकाच व्यक्तीकडून, ठरलेल्या तारखेला येईल. पहिली फेरी रफ कटवर, म्हणजे पहिल्या कच्च्या संकलनावर, दुसरी फाइन कटवर, म्हणजे सुधारलेल्या संकलनावर. त्यानंतर पिक्चर लॉक, म्हणजे चित्र आणि लांबी पक्की. आमच्या चुका दुरुस्त करणं फेरीत मोजलं जाणार नाही. मंजूर स्क्रिप्टमध्ये नसलेली गोष्ट नव्याने हवी असल्यास आधी वेगळं कोटेशन, मग काम."

आणि ही आतली बाजू, क्लायंटला न दाखवलेली: एडिटचे एकूण सात दिवस, म्हणजे ५६ तास. त्यातले ३२ जुळणी आणि रफ कटला, राहिलेले १२-१२ तास दोन फेऱ्यांना. फेरीला असे तास बांधले की ती किती जड आहे ते यादी वाचतानाच कळतं.

२६ जून, गुरुवार

मार्केटिंगच्या मॅडमशी बोलणं झालं. त्यांनी दोन गोष्टी मान्य केल्या आणि एक केली नाही.

मान्य केलं की सूचना फक्त त्यांच्याकडून येतील. पैशांचे हप्तेही मान्य: ४० टक्के आगाऊ, ४० टक्के रफ कट हातात पडल्यावर, २० टक्के वॉटरमार्क नसलेली मास्टर फाइल देण्याआधी. दुसरा हप्ता मी मुद्दाम 'मंजुरीवर' ठेवला नाही. मंजुरीला बांधलेला पैसा म्हणजे समोरच्याने हो म्हणेपर्यंत आपण बदल करत राहायचं, आणि हो म्हणण्याची त्याला काही घाई नसते.

मान्य झालं नाही ते एमडींचं. मी म्हटलं, स्क्रिप्ट नक्की होताना साहेबांची वीस मिनिटं हवीत. मॅडम म्हणाल्या, "ते ५ जुलैनंतर बाहेर आहेत, थेट महिन्याच्या शेवटी येतील. त्यांचा माझ्यावर विश्वास आहे, तुम्ही काळजी करू नका." मी आग्रह धरला, पण शेवटी सोडून दिलं. वहीत लाल पेनाने लिहून ठेवलं: एमडींनी स्क्रिप्ट पाहिलेली नाही.

एक बारीक गोष्ट. यांच्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, पुण्याभोवतीच्या बऱ्याच कारखान्यांत असते तशी. मॅडमनी आजचा फोनही घरूनच घेतला होता. रविवार त्यांचा कामाचा आणि आमचा सुट्टीचा. त्यामुळे 'तीन कामकाजाच्या दिवसांत' असं लिहिलं तर दोघांची मोजदाद वेगळी होईल. वेळापत्रकात सरळ तारीख, वार आणि वेळ लिहिली. उशीर झाला तर पुढच्या सगळ्या तारखा तेवढ्याच सरकतील, हेही. काही जण लिहितात की 'वेळेत उत्तर न आल्यास मंजूर समजू'. मला ते पटत नाही. कागदावर ते भक्कम दिसतं, पण न पाहिलेली फिल्म मंजूर धरून वर्धापनदिनाला कोणी लावणार नाही.

२ जुलै, बुधवार

स्क्रिप्ट वाचन, चाकणला. मी घड्याळ लावून मोठ्याने वाचलं. मराठी निवेदन मला मिनिटाला ११० ते १२० शब्दांवर नीट बसतं. चार मिनिटांत दृश्यांना श्वास घ्यायला जागा हवी म्हणून ३८० शब्दांवर थांबले होते. वाचनातच प्लांट हेडनी दोन वाक्यं काढायला लावली आणि टनेजचा एक आकडा दुरुस्त केला. वहीतला शब्द खोडायला पेन लागतं. तोच शब्द महिन्याभराने बदलायचा तर आवाज देणारा कलाकार, स्टुडिओ आणि एडिटरचा अर्धा दिवस लागतो.

स्क्रिप्टच्या प्रत्येक पानावर मॅडमची सही घेतली.

९ जुलै, बुधवार

दोन दिवसांचं शूट आटोपलं. पाऊस होता, पण काम छताखालीच होतं. जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

१८ जुलै, शुक्रवार

रफ कट पाठवला: `CF25_RC1.mp4`. लांबी ४ मिनिटं ६ सेकंद. कोपऱ्यात टाइमकोड, मधोमध फिकट वॉटरमार्क. फाइलच्या नावात 'फायनल' हा शब्द या ऑफिसात कुणी वापरायचा नाही, एवढा एक नियम आहे.

व्हॉट्सअॅपवर पाठवली नाही. तिथे चित्र खराब होतं हे एक, आणि एका तासात ती वीस जणांकडे जाते. मग त्या वीस जणांची मतं यादीत शिरतात. बघण्याची लिंक फक्त मॅडमना दिली.

सोबत एक पान. त्यात वर लिहिलं: आवाज तात्पुरता आहे, तो माझा आहे, संगीत तात्पुरतं आहे, रंग झालेले नाहीत, यांवर आत्ता लिहू नका. खाली चार प्रश्न: क्रम पटतो का? काही राहिलं का? काही चुकीचं दिसतं का? कुठे लक्ष उडालं, तिथला टाइमकोड काय?

चौथ्या प्रश्नासाठी मी बरीच वर्षं घालवली. 'काय बदल हवेत' असं विचारलं की लोक उपाय सांगतात: संगीत बदला, फास्ट करा, ड्रोन टाका. उपाय सांगणारा माणूस एडिटर नसतो, त्यामुळे उपाय बहुतेक वेळा चुकतो. पण त्याचं लक्ष नेमकं कुठे उडालं हे त्याला बरोबर सांगता येतं, आणि ते आपल्याला कधीच स्वतःहून कळत नाही, कारण आपण ती फिल्म शंभरदा पाहिलेली असते.

२१ जुलै, सोमवार

संध्याकाळी सहाला यादी आली. ठरलेल्या वेळी. सत्तावीस मुद्दे.

एडिटरबरोबर बसून शेजारी एक रकाना काढला आणि प्रत्येक मुद्द्यापुढे एक अक्षर लिहिलं. 'चू' म्हणजे आमची चूक, फुकट. 'फे' म्हणजे फेरीतला बदल. 'न' म्हणजे नवीन, स्क्रिप्टबाहेरचा. 'प्र' म्हणजे आधी त्यांनाच प्रश्न विचारायचा.

'चू' तीन निघाले. दोन ठिकाणी पदनाम चुकलं होतं, एका ठिकाणी लोगो जुना. 'न' एकच.

०१:४२ वरून थोडं थांबलो. तिथे कामगाराने सेफ्टी गॉगल घातलेला नाही. एडिटर म्हणाला, "ताई, शूटला त्यांचा सेफ्टीवाला माणूस उभा होता, ही आपली चूक कशी?" तो बरोबर होता. पण कॅमेऱ्यामागे मी होते आणि मलाही दिसलं नाही. 'चू' मध्ये टाकलं. दुसरा शॉट होता, वीस मिनिटांचं काम. जिथे भांडून वीस मिनिटं वाचतात तिथे भांडू नये. खरं भांडण अजून यायचं आहे हे मला माहीत होतं.

'प्र' चार. एचआरना कँटीनचा भाग वाढवून हवा, प्लांट हेडना तो काढायचा आहे. दोन्ही एकाच यादीत. असं आलं की आपण मधला मार्ग काढायचा मोह होतो. मी तसं केलं असतं तर दोघंही नाराज झाले असते आणि तो मुद्दा पुढच्या फेरीत परत आला असता. मॅडमना फोन केला, "हे दोन मुद्दे एकमेकांच्या विरुद्ध आहेत, आतच ठरवून कळवा." तासाभरात उत्तर आलं: आहे तसंच ठेवा.

२३ जुलै, बुधवार

०:५० ते १:३० या भागाबद्दल तीन जणांनी लिहिलं होतं. एक म्हणाला 'स्लो वाटतं', दुसरा म्हणाला 'म्युझिकमध्ये दम नाही', तिसरा म्हणाला 'कट फास्ट करा'. तीन वेगळे उपाय, पण जागा एकच.

आधी एडिटरने कट फास्ट करून पाहिले. अजून कंटाळवाणं झालं. मग आवाज बंद करून पाहिलं आणि कारण सापडलं: निवेदन जे सांगत होतं तेच शब्द पडद्यावर पट्टीतही येत होते. 'तीन प्रेस शॉप' ऐकायचं आणि 'तीन प्रेस शॉप' वाचायचं. प्रेक्षक वाचून मोकळा होतो आणि वाक्य संपायची वाट बघत बसतो. पट्ट्यांतले शब्द काढले, फक्त आकडे ठेवले, आणि एक मशीनचा शॉट उलट चार सेकंदांनी लांबवला. संगीताला हात लावला नाही.

उत्तरात तिघांच्या मुद्द्यांपुढे काय केलं आणि का केलं ते लिहिलं. सांगितलेलं न करता दुसरं काही केलं तर कारण लिहावंच लागतं, नाहीतर 'आमचं ऐकलं नाही' म्हणून तोच मुद्दा परत येतो.

पहिली फेरी संपली. १२ पैकी साडेनऊ तास. रफ कटला मात्र ३२ ऐवजी ३५ गेले होते.

२५ जुलै, शुक्रवार

फाइन कट पाठवला: `CF25_FC1.mp4`, ३ मिनिटं ५२ सेकंद. खऱ्या कलाकाराच्या आवाजासह.

२९ जुलै, मंगळवार

लाल पेनाने लिहिलेलं खरं झालं. एमडी परतले, त्यांनी फिल्म पाहिली. मॅडमचा फोन, आवाज उतरलेला. साहेबांना सुरुवात त्यांच्या वडिलांपासून हवी आहे, भोसरीच्या भाड्याच्या शेडपासून. आणि याच महिन्यात बसवलेली नवी प्रेस लाइनही हवी.

फोन ठेवल्यावर मला राग आला नाही, कारण साहेबांचं म्हणणं योग्य होतं. पंचवीस वर्षांच्या फिल्ममध्ये ती शेड नाही हे स्क्रिप्टचंच उणेपण होतं. जूनमध्ये वीस मिनिटं मिळाली असती तर ते पहिल्या पानावर आलं असतं. तरीही सही झालेल्या स्क्रिप्टमध्ये ते नव्हतं, म्हणून हा मुद्दा 'न'.

अशा वेळी दोन चुका होतात. एक म्हणजे 'करारात नाही' म्हणून कागद पुढे करायचा. दुसरी म्हणजे 'बघतो, करून टाकू' म्हणायचं. पहिलीत माणूस तुटतो आणि दुसरीत आपण बुडतो. मॅडमना म्हटलं, "सगळं करता येईल. उद्या सकाळी तीन पर्याय पाठवते, किमतीसह. साहेबांना निवडू द्या."

३० जुलै, बुधवार

वाढीव कामाचं कोटेशन, एकाच पानावर.

पहिला पर्याय, दोन्ही गोष्टी. नव्या लाइनचं अर्ध्या दिवसाचं शूट २८,०००, दीड दिवस एडिट १०,५००, एक दिवस ग्राफिक्स ५,०००, कलाकाराचं पुन्हा रेकॉर्डिंग ६,००० आणि दोन तास स्टुडिओ ३,०००. एकूण ५२,५००, जीएसटी वेगळा. मास्टर १८ ऐवजी २३ ऑगस्टला, म्हणजे कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी.

दुसरा, फक्त शेडची सुरुवात, त्यांच्याकडच्या जुन्या फोटोंवरून. एक दिवस एडिट ७,०००, अर्धा दिवस ग्राफिक्स २,५००, आवाजाचे तेच ९,०००. एकूण १८,५००. मास्टर १८ लाच.

तिसरा, फिल्म आहे तशी लॉक करायची आणि नव्या लाइनची छोटी वेगळी फिल्म सप्टेंबरमध्ये.

नुसता आकडा पाठवला असता तर त्यावर घासाघीस झाली असती. तीन पर्याय आणि त्यांच्यापुढे तारखा ठेवल्यावर बोलणं पैशांवरून तारखेवर गेलं. २३ तारीख पाहून साहेबांनी स्वतःच पहिला पर्याय बाजूला केला. दुसरा आणि तिसरा, दोन्ही मंजूर. ईमेलवर 'मंजूर' हा शब्द येईपर्यंत एडिटरला फोटो उघडू दिले नाहीत.

१ ऑगस्ट, शुक्रवार

आज मी चुकले. दुसऱ्या फेरीची यादी काल आली होती, नऊ तासांची, आटोपशीर. आज फोनवर मॅडम म्हणाल्या, "नावांच्या पट्ट्या फक्त जरा मोठ्या करा ना." मी हो म्हटलं. कुठे लिहिलं नाही.

चौदा पट्ट्या. मोठ्या केल्यावर तीन मुलाखतींत त्या हनुवटीवर चढल्या, म्हणून चित्राची चौकट हलवावी लागली. लांब पदनामं दोन ओळींत गेली. मग बाकीच्या एका ओळीच्या पट्ट्या त्यांच्या शेजारी विचित्र दिसायला लागल्या. पाच तास गेले. 'फक्त' शब्दाने सुरू होणारं प्रत्येक वाक्य आधी ईमेलवर मागायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं. नऊ आणि पाच मिळून फेरी १४ तासांची झाली.

५ ऑगस्ट, मंगळवार

आवाजाचं वाढीव रेकॉर्डिंग सकाळी दहालाच घेतलं. संध्याकाळी म्हात्रे पुलाजवळ ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू असतो, आणि आमचा स्टुडिओ नदीपासून दूर नाही. रेकॉर्डिंगआधी कलाकाराला जुलैचं रेकॉर्डिंग ऐकवलं, म्हणजे सूर आणि वेग जुळतो. महिन्याच्या अंतराने घेतलेली दोन वाक्यं शेजारी ठेवली की लगेच ओळखू येतात.

सोळा फोटोंतले सहाच वापरण्याजोगे होते. शेडच्या दारात उभे असलेल्या वडिलांचा एक फोटो इतका चांगला आहे की त्यावर निवेदन ठेवलं नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

पिक्चर लॉक. ४ मिनिटं १६ सेकंद. मॅडमकडून ईमेल घेतला: 'चित्र आणि लांबी मंजूर.' लॉकचा अर्थ त्यांना आधीच सांगितला होता: यापुढे रंग, संगीत-मिक्स आणि सबटायटल्स या तिन्ही गोष्टी याच लांबीवर बांधल्या जातील. एक फ्रेम हलली तरी त्यानंतरचं सगळं हलतं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

मॅडमचा मेसेज: ०२:३७ वरचा इंजिनीअर कंपनी सोडून गेला, तो शॉट काढा.

दोन सेकंदांचा शॉट. २५ फ्रेमच्या हिशेबाने पन्नास फ्रेम. काढला तर पुढची दीड मिनिटाहून जास्त फिल्म पन्नास फ्रेम मागे येणार, संगीताचा उठाव चुकणार, मिक्स पुन्हा, सबटायटल्स पुन्हा. म्हणून काढला नाही, बदलला. तिथे बरोबर पन्नास फ्रेमचा दुसरा शॉट बसवला. आवाज आणि सबटायटल्सला धक्का नाही, फक्त त्या एका शॉटचे रंग करायचे. पाऊण तास लागला. पैसे घेतले नाहीत, पण ईमेलमध्ये 'लॉकनंतरचा बदल, या वेळी विनाशुल्क' असं लिहिलं. न लिहिता दिलेली सूट पुढच्या वेळी हक्क होते.

१८ ऑगस्ट, सोमवार

सकाळी शेवटचा हप्ता आणि वाढीव कामाचे पैसे जमा झाले, दुपारी मास्टर दिली. सभागृहाच्या प्रोजेक्टरवर चालवून पाहायला त्यांच्या माणसाला आजच बोलावलं, आदल्या दिवशी नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

हिशेब. एडिटचे धरलेले तास ५६, लागले साडेअठ्ठावन्न: रफ कट ३५, पहिली फेरी साडेनऊ, दुसरी १४. अडीच तास वर, म्हणजे साधारण २,२०० रुपये. पट्ट्यांचे पाच तास नसते तर अडीच तास शिल्लक राहिले असते. वाढीव कामाला एडिटचे ८ तास लावले होते, लागले ७.

एमडींच्या फोटोंचं काम चांगलं झालं आणि त्याचे पैसेही मिळाले, तरी ते वाढीव म्हणून यायला नको होतं. सप्टेंबरच्या छोट्या फिल्मचं कोटेशन आज लिहायला घेतलं. वेळापत्रकाची पहिली ओळ: 'एमडींसोबत स्क्रिप्ट वाचन, २० मिनिटं, फोनवर चालेल. हे झाल्याशिवाय शूटची तारीख ठरणार नाही.'